उपास सोळा तासांचा, जळजळ रात्रभर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत सध्या ‘सोळा-आठ’चीच चर्चा आहे. सोळा तास पोटाला सुट्टी, जेवणखाण उरलेल्या आठ तासांत. वजन उतरतंही, पण छातीत जळजळ आणि पोट फुगल्याची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात येणारेही वाढलेत. घोटाळा बहुतेकदा उपास सोडण्यात आणि रात्रीच्या जेवणात असतो.

महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारांचंच घ्या. जेवायचे तास दुपारी एक ते रात्री नऊ. सकाळी दोन कप कोरा चहा, ‘त्यात कॅलरी कुठे असतात डॉक्टर?’ म्हणून. एक वाजता पोटात कावळे. मग तीन भाकरी, वाडगाभर मटकीची उसळ, कच्चा कांदा आणि वर तांबडा रस्सा. सगळं दहा मिनिटांत. दुकान वाढवून नऊच्या आत पुन्हा तसंच ताट, आणि दहाला आडवे.

रिकाम्या पोटातही आम्ल थोडंथोडं पाझरत असतं, चहानं ते वाढतं. पोट एकदम तट्ट भरलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि आडवं झाल्यावर आम्ल सहज वर येतं. मटकी-कांद्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात. वाडगाभर उसळ, म्हणजे वायूही तेवढाच.

त्यांचा उपास मी बंद केला नाही, चौदा तासांवर आणला आणि जेवणाचे तास सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात केले. साडेनऊला दोन इडल्या किंवा मऊ भात, चहा त्यानंतर. दुपारी दीड भाकरी आणि अर्धी वाटी नीट शिजवलेली उसळ. रात्रीचं जेवण सातला दुकानातच, डब्यातून. गिऱ्हाइकासमोर डबा उघडायला त्यांना फार जड गेलं! पण जेवण आणि झोप यांत तीन तास मिळाले आणि दोनेक आठवड्यांत रात्रीची जळजळ थांबली. पोट फुगणं कमी झालं, गेलं नाही. रविवारचा रस्सा ते सोडायला तयार नाहीत.

त्रास कधी होतो, ते आधी पाहावं. रात्री आडवं झाल्यावर जळजळ होत असेल तर जेवण लवकर घ्यावं. सकाळी होत असेल तर रिकाम्या पोटीचा चहा थांबवावा. जेवणानंतर पोट फुगत असेल तर एकेका जेवणाचं ताट दोनदा विभागून खावं. आठ तासांत दोनच जेवणं बसवायचा हट्ट कशाला?

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपास धरू नये, साखर एकदम उतरू शकते. घास अडकणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल, तर वेळा बदलत बसू नये, लगेच तपासून घ्यावं. आणि छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम येत असेल, तर ॲसिडिटी समजून गोळी चघळत न थांबता थेट हॉस्पिटल गाठावं.

आपली,
एक डॉक्टर वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर