चाव्यांची मोजणी जुळली तरी सिलिंडर बदल

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सुदामानगरचं घर पक्कं झालं हे वाचून फार बरं वाटलं. आता आपण एकाच गावात! पण तू लिहिलंस ना, "मालक साधे आहेत, कुलूप बदला म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल," त्यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण सामान हलवायच्या आधीच हे उरकायला हवं.

आमचे मालक काकाही तसेच साधे. मी विचारलं, "काका, या दाराच्या आणखी चाव्या कुणाकडे आहेत का?" ते म्हणाले, "छे रे, तीन आल्या होत्या, तिन्ही इथेच आहेत." त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या. एक त्यांच्याकडची, दोन आधीच्या भाडेकरूने परत केलेल्या. मोजणी जुळली. मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन चाव्यांच्या डोक्यावर कंपनीचं नाव आणि एकच नंबर कोरलेला होता. तिसरी कोरी होती, पितळ वेगळं, आणि दात्यांवर कानशीच्या ताज्या रेघा. ती रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून करून आणलेली होती. म्हणजे तीन मूळ चाव्यांपैकी एक कुठेतरी बाहेर होती, आणि परत देताना संख्या भरायला नक्कल आली होती. भाडेकरूने फसवलं असं मी म्हणत नाही. हरवली असेल, कामवाल्या बाईंकडे राहिली असेल, रंगाऱ्याला दिली असेल. काकांनी ती चावी उलटीपालटी करून पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "बदलूनच टाकू."

म्हणून "जुनी चावी कुणाकडेच नाही ना?" एवढ्याच प्रश्नावर थांबू नकोस. मालक कितीही खरं बोलले तरी ते फक्त आपल्या हातून गेलेल्या चाव्यांबद्दल सांगू शकतात. कुलूपच बदललं की त्या कुणाकडे आहेत याला अर्थ उरत नाही.

त्यासाठी अख्खं कुलूप काढावं लागत नाही. दाराच्या आत बसवलेलं हँडलचं कुलूप असेल, तर चावी जिथे शिरते तो सिलिंडर तेवढा बदलतात. दार उघडं ठेव. त्याच्या जाडीवर, कडेच्या पट्टीवर, सिलिंडरच्या उंचीला एक लांब स्क्रू दिसेल. तो काढायचा, चावी घालून किंचित फिरवायची, म्हणजे मधली जीभ सरळ होते आणि सिलिंडर ओढला की बाहेर येतो. त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत माप घे. आमचं ३० आणि ३० होतं, म्हणजे ६० मिलिमीटर. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही, म्हणून नुसतं एकूण माप दुकानात सांगू नकोस, जुना सिलिंडरच घेऊन जा. नवा बाहेरच्या पट्टीपुढे दोन-तीन मिलिमीटरहून जास्त आला, तर पकडीने धरून तोडणं सोपं होतं.

नव्याचं पाकीट सीलबंद असू दे आणि तुमच्या दोघांसमोरच उघड. मालकांच्या दुसऱ्या घराचा काढून ठेवलेला सिलिंडर बसवला, तर त्या घराच्या जुन्या चाव्या तुझ्या दाराला लागतील. बसवणाऱ्याला चाचणीसाठी दिलेली चावी लगेच परत घे, आणि जुनी चावी एकदा नव्यात घालून पाहा. ती फिरता कामा नये. गच्चीचं आणि मागचं दार विसरू नकोस. तिथे साधं टाळं असेल तर ते तुझं लाव.

खर्चाची गोष्ट. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात दारांची कुलपं बदलणं भाडेकरूच्या यादीत आहे. राज्याने तो स्वीकारला तरच तो लागू होतो, पण "खर्च माझा" असं आपणहून म्हटलंस की मालकांचा अर्धा संकोच जातो. जुना सिलिंडर त्यांचाच, तो त्यांना परत दे. त्यांना एक चावी हवी असेल तर पाकिटात बंद करून, चिकटवलेल्या जागी दोघांच्या सह्या करून दे. त्याच कायद्यात मालकाने घरात यायच्या २४ तास आधी कळवावं असं आहे. तेवढं करारात लिहून घ्यायला हरकत नाही.

निरोप साधारण असा पाठव:

"काका, नमस्कार. सामान आणण्याआधी मुख्य दाराचा सिलिंडर माझ्या खर्चाने बदलू इच्छितो. आपण समोर असाल तर बरं. जुन्या चाव्या कुणाकुणाकडे गेल्या होत्या तेही सांगा. नव्या किती आल्या आणि कुणाकडे किती, हे करारात लिहू. घर सोडताना माझ्याकडच्या सगळ्या परत करीन."

त्यांनी होकार लेखी दिला की तो जपून ठेव. नव्या चावीवरचा नंबर मात्र कुठे फोटोत येऊ देऊ नकोस, त्यावरून नक्कल करता येते.

दाराच्या कडेची पट्टी नीट दिसेल असा फोटो मला पाठव. दाराच्या आतून पेटीसारखं बसवलेलं नाइट लॅच निघालं, तर त्याचा सिलिंडर वेगळा असतो, मागच्या दोन स्क्रूंवर बसतो. मग मिस्त्रीलाच बोलावू. रविवारी मी येतोच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र