समाचाराच्या चार ओळी

वडोदरा,
मंगळवार, रात्री

प्रिय सुध्या,

हे तुलाच लिहितोय, कारण इथे ज्याला विचारावं त्याला हा प्रश्न पाच मिनिटांचा वाटतो. वसंतभाईंच्या आई गेल्या. दांडिया बाजारातलं ते घर, तो जिना, आणि आल्यागेल्याला चहा घेतल्याशिवाय न सोडणं, तुला सांगायला नको. हेड ऑफिसच्या साहेबांनी इंग्रजीत निरोप लिहून पाठवलाय आणि सोबत विनंती की, वसंतभाई घरी मराठी बोलतात, तर हा मराठीतूनच जाऊ दे, पण हळुवार उतरला पाहिजे. साहेब केरळचे, मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. त्यांना हे सुचलं यातच त्यांचा चांगुलपणा दिसतो, आणि म्हणूनच मला ते घाईने उरकायचं नाही. निरोप उद्या सकाळी जायचा आहे.

माझी तब्येत ठीक. गुडघा तसाच.

मूळ निरोप जसाच्या तसा उतरवतो: 'डिअर मिस्टर वसंत, आय ॲम डीपली सॉरी टु हिअर अबाउट द लॉस ऑफ युअर मदर. प्लीज ॲक्सेप्ट माय हार्टफेल्ट कन्डोलन्सेस. माय थॉट्स अँड प्रेअर्स आर विथ यू अँड युअर फॅमिली. प्लीज टेक ऑल द टाइम यू नीड. इफ देअर इज एनीथिंग आय कॅन डू, प्लीज लेट मी नो. वॉर्म रिगार्ड्स.' पाच वाक्यं आणि सही. इंग्रजीत एकही शब्द खटकत नाही. ओळीला ओळ लावत गेलो तर मराठीत मात्र बँकेचं पत्र होतं.

पहिलं संबोधन. ऑफिसात सगळे, आपण मराठी लोकसुद्धा, 'वसंतभाई' म्हणतो, पण पूर्ण मराठी मजकुराच्या डोक्यावर ते बसत नाही. 'दादा' म्हणायचा साहेबांना हक्क नाही, तेवढी ओळख नाही. 'श्री.' लावलं की पगाराची पावती वाटते. म्हणून 'वसंतराव', आणि पुढे स्वल्पविराम. 'सप्रेम नमस्कार' घालायचा नाही, कारण सुतकात असलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत, आणि जुन्या वळणाच्या घरात ते अजून पाळतात. उद्गारचिन्ह तर कुठेच नको. बाई असती तर आणखी जपावं लागलं असतं. नवरा गेलेल्या बाईला सवयीने 'सौ.' लिहिलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे, आणि पहिल्याच दिवशी 'श्रीमती' लिहिणंही तितकंच लागतं. अशा वेळी उपाधी गाळून नुसतं नाव किंवा 'ताई' लिहावं.

आता पहिलं वाक्य. 'लॉस'ला मराठीत 'हानी' किंवा 'नुकसान' लिहिणारे आहेत, आणि 'सॉरी'चं 'क्षमस्व' करणारेही आहेत. दोन्ही एकत्र आले की माणूस विमा कंपनीची माफी वाचतोय असं वाटतं. इंग्रजी इथे मरणाचं नाव टाळून हरवण्याची भाषा बोलतं. मराठीला तसं करायची गरज पडत नाही, आपल्याकडे 'गेल्या' आहे. 'निधन' वर्तमानपत्राचं, 'देवाज्ञा झाली' आपल्या आजोबांच्या पिढीचं आणि 'मृत्यू' दाखल्यावरचा. म्हणून मी लिहिलं: 'तुमच्या आई गेल्याचं समजलं. फार वाईट वाटलं.' 'गेल्याचं' घेतलं त्याचं आणखी एक कारण आहे. 'आई गेली' की 'आई गेल्या' हा पेच निदान क्रियापदापुरता तरी त्यात येत नाही. 'गेली' म्हणावं तर परक्या माणसाने केलेली सलगी, 'गेल्या' म्हणावं तर काही घरांत तेही अंतर ठेवल्यासारखं. 'गेल्याचं' दोन्हीकडे चालतं. वडील असले तरी तेच रूप चालेल.

'डीपली'साठी एकदाच 'फार'. 'अत्यंत तीव्र दुःख झाले' लिहिलं की शोकसभेचा ठराव होतो. आणि 'समजलं' लिहायचं असेल तर पुढे शेवटपर्यंत 'वाटलं', 'मिळो', 'बघतो' असंच चालायला हवं. पहिल्या ओळीत 'समजले' आणि तिसरीत 'वाटलं' झालं की दोन माणसांनी मिळून लिहिल्यासारखं दिसतं, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा कागद कुणीतरी कुणासाठी तरी तयार केलाय. 'आपल्या आई' असंही मी टाळलं. आदर आहे खरा, पण 'आपल्या' म्हणजे तुमच्या की तुमच्या-माझ्या, असा क्षणभर गोंधळ होतो, आणि अशा मजकुरात तेवढाही नको.

दुसरं वाक्य मी सरळ काढलं. 'माझ्या हार्दिक संवेदना स्वीकाराव्यात' हे मराठी आहे, चूक नाही, पण ते सांत्वनाचं नाव घेतं, सांत्वन करत नाही. पहिल्या वाक्यात जे म्हणायचं ते म्हणून झालं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'ही नको. ती गेलेल्याला वाहतात, चौकातल्या फलकावर शोभते. हा निरोप मागे राहिलेल्याला आहे, दोन्हींचा पत्ता वेगळा.

तिसऱ्यात 'थॉट्स अँड प्रेअर्स'. 'माझे विचार आणि प्रार्थना तुमच्या सोबत आहेत' असं आपल्याकडे कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. त्याच्या जागी आपण इच्छा करतो आणि क्रियापदाला ओकार लावतो: देवो, मिळो, लाभो. 'देवो' म्हटलं की देणारा आणावा लागतो, म्हणजे ईश्वर आला. 'मिळो' म्हटलं की नाही आणावा लागत. साहेबांचा धर्म कोणता हे वसंतरावांनी शोधत बसू नये आणि वसंतराव किती धार्मिक हे साहेबांनी. म्हणून 'तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना हे दुःख सोसायचं बळ मिळो.' आत्म्याची ओळ मुळात नव्हती, मीही घातली नाही. वसंतरावांच्या घरी 'सद्गती लाभो' चाललं असतं. पण तोच मजकूर उद्या एखाद्या बौद्ध सहकाऱ्यासाठी वापरायला कुणी उचलला तर? तिथे आत्मा आणि सद्गती दोन्ही खटकतात, तिथली माणसं स्मृतीला 'विनम्र अभिवादन' लिहितात. आणि 'धीर धरा', 'स्वतःला सावरा' ही तर आज्ञा झाली. तुझ्या-माझ्या भांडणातलं तुझं ते वाक्य, 'आज्ञार्थ सांत्वनात शोभत नाही', मी आता पूर्ण मान्य करतो. बाकी त्या भांडणात तू जेवण अर्धं टाकून उठला होतास हे वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

खरा पेच पुढच्या दोन वाक्यांत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. 'टेक ऑल द टाइम यू नीड.' शब्दशः 'तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या'. साहेबाच्या तोंडून, लेखी, हे रजेच्या अर्जावरच्या शेऱ्यासारखं वाटतं. चिडलेला माणूसही अगदी हेच वाक्य म्हणतो, म्हणून तर ते धोक्याचं. आपल्याकडे वेळ देत नाहीत, काम उचलतात. 'ऑफिसच्या कामाची काळजी करू नका, ते आम्ही बघतो.' हे लिहिताना मनाला बरं वाटलं, आणि लगेच थांबलो. साहेबांनी 'आम्ही बघतो' म्हटलेलं नाही. वेळ देणं आणि काम अंगावर घेणं यात फरक आहे. वसंतराव तेरावा उरकून परत येतील आणि महिनाअखेरचा ताळमेळ तसाच पडलेला दिसेल, तर ते वाक्य खोटं ठरेल आणि खाली सही साहेबांची असेल. उतरवणाऱ्याने मजकुरातलं कमी केलं तर फार बिघडत नाही, त्याने दुसऱ्याच्या नावावर वचन देता कामा नये. म्हणून साहेबांना फोन करून एवढंच विचारलं की, वसंतरावांचं काम कोण करणार? त्यांनी दोघांची नावं सांगितली, ताळमेळ अहमदाबादहून होईल म्हणाले. आता ते वाक्य खरं आहे, म्हणून ठेवलं.

शेवटचं, 'काही लागलं तर कळवा'. अस्सल मराठी आहे, सगळेच म्हणतात. पण ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याने मागायचं काय आणि कळवायचं कसं? मला वाटतं, तिथे एक ठरावीक गोष्ट असावी. साहेबांचा घरचा नंबर वसंतरावांकडे नाही. साहेबांना विचारून तो खाली घातला आणि लिहिलं, 'केव्हाही फोन करा.' इथेही आज्ञार्थ आहे, पण हा करायला सांगत नाही, मोकळीक देतो. तुझं यावर काय म्हणणं असेल ते मी आत्ताच ऐकू शकतो.

'वॉर्म रिगार्ड्स'ला मी फार घाबरतो. साहेबांच्या मेलला खाली ते आपोआप चिकटतं, आणि मराठीत कुणीतरी त्याचं 'शुभेच्छांसह' करून ठेवलंय. शोकाच्या मजकुराखाली शुभेच्छा! ती ओळ पाठवण्याआधी हाताने काढायची, नुसतं नाव ठेवायचं. 'पुन्हा भेटू' वगैरेही नाही. समाचाराहून उठताना 'येतो' म्हणत नाहीत, कागदावरही तेच.

तर सगळं मिळून असं झालं:

'वसंतराव,
तुमच्या आई गेल्याचं समजलं. फार वाईट वाटलं. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना हे दुःख सोसायचं बळ मिळो. ऑफिसच्या कामाची काळजी करू नका, ते आम्ही बघतो. हा माझा घरचा नंबर आहे, केव्हाही फोन करा.'

खाली नंबर आणि नाव. साहेबांना प्रत्येक ओळीचा उलटा इंग्रजी अर्थ वेगळा लिहून दिलाय, कारण आपण कशावर सही करतोय ते त्यांना कळायला हवं. दुसरं वाक्य काढलंय आणि चौथं बदललंय हेही त्यात स्पष्ट सांगितलं. पाठवताना चित्र करून नको, साधा मजकूर हवा, म्हणजे वसंतरावांना वाटलं तर घरात वाचून दाखवता येईल. फोनवर हिंदी कीबोर्ड असेल तर 'ळ' शोधावा लागतो, आणि 'बळ'चं 'बल' झालं तर सगळं मातीत, म्हणून मी संगणकावर लिहून पाठवलंय.

ऑफिसच्या गटात सकाळपासून 'ॐ शांती' आणि हात जोडलेली चित्रं येताहेत. गुजराती मंडळी बेसणं, म्हणजे समाचाराची ठरलेली बैठक, कधी म्हणून विचारताहेत, त्यांना सांगितलं की वसंतरावांकडे तसं नाही, तेराव्यापर्यंत कधीही समाचाराला जा. त्यांचा जीव आहे वसंतरावांवर, म्हणून विचारतात.

आता तू सांग. 'बळ मिळो'च्या आधी 'हे दुःख' ठेवू की नुसतं 'सोसायचं बळ'? मला 'हे दुःख' हवंसं वाटतं, त्याने वाक्य जमिनीवर राहतं. तुझ्या मते ते लांबतं का? उद्या सकाळी नऊच्या आत फोन कर, साहेब साडेनऊला पाठवणार आहेत.

पोरीची प्रवेशाची यादी लागली का? नव्या घराचं पाणी आलं? वहिनींना नमस्कार, अप्पांचं औषध इथून कुणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा,
बाळ्या