सतरा की सत्त्याण्णव? जन्मदाखल्याच्या नोंदीत आणखी दोन चौकटी हव्यात

प्रति,
मा. संपादक,

विषय : फोटोवरून जन्मदाखल्याची नोंद घेताना होणाऱ्या चुका

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. म्हणजे नेमकं पेरणीच्या हंगामात. बाप तिफणीवर, माय सरकी टोबायला, आणि लेकराचा जन्मदाखला आमच्याकडे येतो तो मोबाइलवर फोटो म्हणून. त्या फोटोवरून आम्ही चार गोष्टी ठरलेल्या तक्त्यात भरायच्या : मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि नोंदणी क्रमांक. तक्त्यात पाचवं काही लिहायला जागा नाही. या चारच चौकटींमुळे काय होतं, ते एका दाखल्यावरून सांगते.

यंदा एक गृहस्थ आले. मुलीला सातवीसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृहात ठेवायचं होतं आणि तिथे जन्मदाखल्याची नवी प्रत मागितली होती. जुन्या शाळेच्या यादीतला नोंदणी क्रमांक कागदावर लिहून घेऊन ते आधीच रुग्णालयात जाऊन आले होते. मुलगी जन्मली ती आईच्या माहेरी, शेजारच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरीच होतं आणि जन्माची नोंद जन्म झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. तिथल्या बाबूंनी २०१३ ची नोंदवही काढली, ९७ नंबर पाहिला, तर तिथे भलत्याच गावच्या मुलाची नोंद. "ह्या नावानं नोंद नाही," एवढं ऐकून ते परत आले. पेरणीतला एक दिवस आणि बसभाडं गेलं.

"ताई, ओरिजनल मामाच्या घरी हाये. फोटो चालते काय?" त्यांनी विचारलं. चालते म्हटलं, दुसरा उपाय नव्हता.

फोटो आला. दाखला लॅमिनेशन केलेला, त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग, खालच्या बाजूला मामाचा अंगठा. दाखला जुना, हाताने भरलेला, निळी शाई उडालेली. नोंदणी क्रमांकाच्या जागी पहिला आकडा १ आहे की ९ हे कळेना, पुढचा ७ स्पष्ट. शाळेच्या यादीत ९७ कुठून आलं ते तिथेच लक्षात आलं. ज्यांनी लिहिलं त्यांना दोष देत नाही. देवनागरी हस्ताक्षरात १ ची शेपूट जरा लांबली की त्याचा ९ होतो. त्यातून काही दाखल्यांवर अर्धे आकडे मराठी आणि अर्धे इंग्रजी असतात, तिथे आणखी पंचाईत : मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी 4 सारखा आणि मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. दिवसभरात चाळीस फोटो पाहिले की डोळा चकतोच.

पण अक्षर लावायला त्याच कागदावर मदत असते. नोंदणीच्या तारखेत साल २०१४ लिहिलेलं होतं. त्यातला १ हा १ च असणार, २०९४ साल काही अजून उजाडलेलं नाही. तो १ मोठा करून पाहिला, मग क्रमांकातला आकडा मोठा करून पाहिला. दोन्हींची शेपूट सारखीच, डावीकडे वळून खाली ओढलेली. म्हणजे क्रमांक १७.

तरीही एक शंका उरली. नोंदणीची तारीख ०८/०१/२०१४ आहे की ०८/०९/२०१४? जानेवारी की सप्टेंबर? मुलीची जन्मतारीख २८/१२/२०१३ स्वच्छ दिसत होती. जानेवारी धरला तर जन्मानंतर अकराव्या दिवशी नोंद झाली. २१ दिवसांच्या आत, म्हणजे अगदी सरळ. सप्टेंबर धरला तर आठ महिन्यांहून जास्त उशीर. तीस दिवस उलटून वर्षाच्या आत नोंद करायची तर कायद्याप्रमाणे वरिष्ठांची लेखी परवानगी आणि विलंब शुल्क लागतं. रुग्णालयात झालेल्या बाळंतपणाची नोंद सहसा एवढी रखडत नाही. पण "सहसा" म्हणून तक्त्यात काही भरता येत नाही. मी मामाला फोन करून दुसरा फोटो मागितला : दाखला उन्हात नाही, सावलीत चटईवर सपाट ठेवा, फ्लॅश बंद, चारही कोपरे दिसू द्या, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि नेमके बारीक आकडेच फुटतात.

दुसऱ्या फोटोत अंगठ्याखालची ओळ दिसली : दाखला दिल्याची तारीख २०/०१/२०१४. प्रश्न मिटला. जानेवारीत दिलेल्या दाखल्यावर सप्टेंबरची नोंदणी असूच शकत नाही. जन्मदाखल्यावर तीन तारखा असतात : जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. त्या याच क्रमाने पुढे जायला हव्यात, एक दिवसही उलटा नको. घाईत यांतली भलतीच तारीख जन्मतारीख म्हणून भरलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत. आई-बापाला पाठ असते ती तारीख आणि तक्त्यातली तारीख जुळत नसली, की मी आधी दाखल्यावरच्या उरलेल्या दोन तारखा पाहते.

आता राहिलं साल. यादीत ९७ च्या पुढे २०१३ लिहिलं होतं. मुलगी २०१३ ची, म्हणून क्रमांकही २०१३ चा, असा कुणीतरी हिशेब केला. पण नोंदणी क्रमांक जन्माच्या वर्षाचा नसतो, नोंदणीच्या वर्षाचा असतो. नोंदवहीतले क्रमांक दर १ जानेवारीला पुन्हा एकपासून सुरू होतात. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेल्या बऱ्याच लेकरांची नोंद जानेवारीत होते, त्यामुळे त्यांचा क्रमांक पुढच्या वर्षाच्या वहीत असतो. जानेवारीच्या आठ तारखेला १७ नंबर हे पटण्यासारखंही आहे. तेव्हा बरोबर नोंद होती १७/२०१४. यादीवाल्यांनी आकडाही चुकवला होता आणि वहीही. आणि रुग्णालयासारख्या मोठ्या नोंदणी कार्यालयात दर वर्षी ९७ नंबर कुणाचा ना कुणाचा असतोच. म्हणून चुकीचा क्रमांक सहसा रिकामा सापडत नाही, तो दुसऱ्याच लेकराकडे नेतो.

संपादक महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे. नोंदणी क्रमांक एकटा निरुपयोगी आहे. तो कुठल्या कार्यालयाचा आणि कुठल्या तारखेचा हे सोबत असेल तरच त्याचा माग काढता येतो. आमच्या तक्त्यात नोंदणीच्या तारखेची चौकट नाही आणि नोंदणी कार्यालयाचीही नाही. जन्मस्थळाच्या चौकटीत लोक आपलं राहतं गाव सांगतात आणि ऑपरेटरही दाखल्यावरचा आई-वडिलांचा पत्ता तिथे उतरवतो. या मुलीचंही तसंच झालं होतं : जन्मस्थळ म्हणून बापाचं गाव. म्हणजे चारपैकी दोन चौकटी चुकलेल्या, आणि त्या चुकल्या हे पकडायला तक्त्यात काहीच नाही. नोंदणीची तारीख भरलेली असती तर २०१३ चा क्रमांक आणि जानेवारी २०१४ ची नोंदणी यांचा मेळ बसत नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

दुसरी अडचण अशी, की तक्ता रिकामी चौकट स्वीकारत नाही. आकडा वाचताच येत नसेल तर ऑपरेटर काय करणार? काही जण नुसतं १ टाकून मोकळे होतात, काही अंदाजाने भरतात. अंदाजाने भरलेला आकडा पुढे खऱ्यासारखाच दिसतो, तो अंदाज आहे हे कुणाला कळत नाही. "वाचता येत नाही, मूळ दाखला पाहणे" अशी सोय तक्त्यात ठेवायला काय हरकत आहे?

नावाबद्दल थोडक्यात. काही दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण बारशाच्या आधीच नोंद होऊन दाखला मिळालेला असतो. अशा वेळी आजी सांगते ते नाव टाकू नये. आधी नोंदवहीत नाव चढवून घ्यावं लागतं. नोंदणीपासून वर्षभरात ते फुकट होतं, नंतर विलंब शुल्क भरून. आणि दाखल्यावर नाव जसं लिहिलंय तसंच उतरवायचं, ऱ्हस्व-दीर्घ खटकलं तरी. मला खटकतं, पण मी हात आवरते. मूळ नोंदीत चूक असेल तर ती निबंधकाकडे अर्ज करून दुरुस्त होते, माझ्या कीबोर्डवर नाही.

नव्या संगणकीय दाखल्यांवर क्यूआर कोड असतो, तिथे निदान आकड्यांचा घोळ कमी आहे. पण हाताने लिहिलेले जुने दाखले घेऊन येणारी मुलं अजून कितीतरी वर्षं शाळांत, वसतिगृहांत आणि नोकरीच्या रांगांत असणार आहेत. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. ती लेकरं आज अंगणवाडीत आहेत आणि त्यांचेही दाखले आमच्याकडे फोटो म्हणूनच येताहेत.

त्या गृहस्थांना मी १७/२०१४, नोंदणी दि. ०८/०१/२०१४ आणि रुग्णालयाचं नाव असं चिठ्ठीवर लिहून दिलं. नवी प्रत त्याच दिवशी हातात पडली. शाळेच्या यादीत मात्र अजून ९७/२०१३ च आहे. तिथे दुरुस्तीचा अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे.

मी माझ्यापुरती एक वही घातली आहे. तक्त्यातल्या चार गोष्टींशिवाय तीत नोंदणीची तारीख, नोंदणी कार्यालय आणि शेरा असे तीन रकाने आहेत. त्यातल्या एका पानाची नावं झाकलेली प्रत सोबत जोडते आहे. संबंधितांच्या नजरेस पडेल अशी छापता आली तर पाहावी.

आपली,
एक वाचक
सेवा केंद्र चालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ