मुक्ता, तुझ्या ब्राऊन शुगरबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईशी बोलत होतीस तेव्हा फोन स्पीकरवर होता. मुद्दाम ऐकलं नाही, पण वरण ढवळत बसलेल्या माणसाने कान कुठे ठेवावेत? त्या ऑफिसवाल्यांनी कुकीजचे खोके परत पाठवले, ‘मऊ म्हणून मागवल्या आणि बिस्किटं आली’ असं म्हणाले, हे ऐकलं. मग तू गप्प झालीस तेही ऐकलं. हिंजवडीतली नोकरी सोडल्याबद्दल गणपतीत जे बोललो ते आता पुन्हा काढत नाही. रात्री स्कूटरवरून डबे पोचवत फिरतेस, त्यावरही काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. फक्त सिंहगड रोडवर खड्डे फार आहेत, एवढंच.

आईने तुझं प्रमाण मला लिहून दिलंय. वितळवलेलं लोणी 170 ग्रॅम, ब्राऊन शुगर 200, पांढरी साखर 100, एक अख्खं अंडं आणि वर एक पिवळा बलक, मैदा 250, अर्धा चमचा सोडा. 180 अंशांवर अकरा मिनिटं. प्रमाण चांगलं आहे. गेल्या वेळी इथे केल्या होत्यास त्या काठाला कुरकुरीत आणि मध्ये चिवट होत्या. कट्ट्यावर दोघांनी पेढे सोडून त्या खाल्ल्या. तुला सांगितलं नाही, मुद्दामच.

मग या वेळी काय झालं? आई म्हणाली, दुकानात नेहमीची ब्राऊन शुगर नव्हती, दुसरी आणलीस. माझ्या मते गोम तिथेच आहे. ती नवी साखर मुठीत दाबून बघ. मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ती मऊ, मळी असलेली साखर. वाळूसारखी घरंगळून गेली तर तो नुसता तपकिरी रंगाचा कोरडा, जाड दाणा. आपल्याकडे दोन्ही एकाच नावाने विकतात आणि गिऱ्हाईक रंग बघून घेतं. कुकीला रंगाशी काही देणंघेणं नाही.

तू सहावीत होतीस तेव्हा गळिताच्या हंगामात माझ्याबरोबर कारखान्यात यायचीस. लॅबमध्ये उंच स्टुलावर बसायचीस, पाय लोंबकळत. फेलिंगचं निळं द्रावण उकळायचं, मी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचो, आणि निळं जाऊन खाली विटकरी साका बसला की तू टाळ्या वाजवायचीस. तो विटकरी रंग म्हणजे साखर फुटून झालेल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची खूण. ऊस तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडला, रसाचा आंबटपणा चुन्याने वेळेवर मारला नाही, की साखर फुटायची. इन्व्हर्जन. जेवढी फुटली तेवढा तोटा, कारण फुटलेली साखर दाणा धरत नाही आणि शेजारच्या चांगल्या साखरेलाही धरू देत नाही. सरळ मळीत जाते. साहेबांच्या शिव्या मला त्यापायीच मिळायच्या.

आता गंमत बघ. मी नोकरीभर जिला नुकसान म्हणत आलो, तीच तुझ्या कुकीचं मधलं चिवट ठेवते. पांढरी साखर कणकेतल्या पाण्यात विरघळते, ओव्हनमध्ये पसरते, आणि कुकी गार होताना पुन्हा आवळून कडक होते. तो कुरकुरीतपणा तिचा. ब्राऊन शुगरमध्ये मळीबरोबर थोडी फुटलेली साखर असते. ती दाणा धरू देत नाही आणि पाणी सोडत नाही, म्हणून मध्य लवचीक राहतो. तूच मागे सांगितलं होतंस की अमेरिकेत टोल हाऊसवाल्या रूथ वेकफिल्डबाईंच्या मूळ कृतीत दोन्ही साखरा सारख्याच होत्या. त्या मधोमध उभ्या होत्या. तू ब्राऊनकडे झुकलीस, म्हणून तुझ्या मऊ.

नवी साखर तशी नसणार. त्यात दुसरी भानगड. फुटलेली साखर लवकर लाल होते, साधी तेवढी होत नाही. म्हणजे अकरा मिनिटांनी तुला कुकीज फिक्या दिसल्या असतील आणि तू नेहमीचा रंग यायची वाट बघत ट्रे आत ठेवला असशील. दोन मिनिटं, तीन मिनिटं. तेवढ्यात मधलं उरलंसुरलं पाणीही गेलं. साखर एकीकडून आणि वेळ दुसरीकडून, दोघींनी मिळून बिस्किट केलं. तुझं प्रमाण चुकलेलं नाही, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हीच लिहा. म्हणून हे पत्र.

तेव्हा रंगावर जाऊ नकोस. 180 अंशांवर 40 ग्रॅमचा गोळा असेल तर दहाव्या मिनिटाला दिवा लावून बघायला लाग. काठ बसलेला, किंचित सोनेरी, आणि मधला भाग फुगलेला पण ओला, कच्चा वाटतोय, तेव्हाच बाहेर काढ. तू घाबरतेस, कच्ची राहील म्हणून, हे मला माहीत आहे. तापलेल्या ट्रेवर तशीच पाच-सात मिनिटं ठेव. ट्रेची उष्णता उरलेलं काम करते आणि फुगलेलं मधलं खाली बसतं. ओव्हनमध्येच पूर्ण झालेली दिसली, तर गार झाल्यावर ती कडक होणारच. आणि ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा नको, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घे. आमच्या लॅबमध्ये तपासून न घेतलेल्या यंत्राचं रीडिंग वहीत लिहू देत नसत.

अंड्याचं आईला पटत नाही. ती म्हणते, दोन अख्खी घाल, एक बलक वेगळा काढायचा खटाटोप कशाला. पण पांढऱ्या भागात जवळजवळ सगळं पाणी आणि प्रथिनं. जास्त झालं की कुकी फुगते, केकसारखी होते, आणि भाजताना ती प्रथिनं घट्ट बसून मधलं कोरडं पडतं. पिवळ्यात पाणी निम्मंच, बाकी बरीचशी चरबी, शिवाय लोणी आणि पाण्याला एकत्र धरून ठेवणारं लेसिथिन. म्हणून तुझा जादा बलक बरोबर आहे, तो सोडू नकोस. उरलेला पांढरा भाग सकाळी आम्लेटात घाल. सकाळी खातेस ना? रात्री एकला परत आल्यावर सकाळी कोण खातं म्हणा.

बघ, आलोच तिथे. नाही लिहीत.

त्या ऑफिसात काही जणांना कुरकुरीतच आवडतात असंही तू म्हणालीस. मग त्यांच्यासाठी वेगळी कणीक कर, मऊ कुकी जास्त वेळ भाजून कुरकुरीत करू नकोस. तशी केलीस तर काठ करपतो आणि मध्ये चामडं होतं. लोणी, मैदा, सोडा तोच ठेव. साखर 250 ग्रॅम पांढरी आणि 50 ब्राऊन, तीही फक्त चवीपुरती. एक अख्खं अंडं, जादा बलक नाही. पांढरी साखर एस-30 घे, एम-30 नको. जाड दाणा कणकेत नीट विरघळत नाही. गोळा 25 ग्रॅमचा, तळहाताने चपटा केलेला, 165 अंशांवर सोळा ते अठरा मिनिटं. मंद आणि जास्त वेळ, म्हणजे काठ जळायच्या आत मधलं पाणी निघून जातं. काठापासून मध्यापर्यंत सगळीकडे एकच सोनेरी रंग दिसला की झाली. इथे मात्र रंगावर विश्वास ठेवायचा. आईच्या छोट्या ओव्हनमध्ये मी केल्या. मागच्या रांगेतल्या जरा जास्त झाल्या, पण मोडताना टच्चकन आवाज आला. आईने चहात बुडवून खाल्ल्या आणि काही बोलली नाही, म्हणजे आवडल्या.

आणि दोन्ही प्रकार एकाच खोक्यात भरू नकोस, कागद मध्ये घातलास तरी. मऊतलं पाणी कुरकुरीतमध्ये जातं आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही सारख्याच बिघडतात. दोन खोकी म्हणजे स्कूटरवर जास्त ओझं, ते कळतं मला. त्यासाठी एखादा मुलगा ठेवता येईल का? दिवसा पोचवता येणार नाही का? माणसं कुकीज रात्री दहालाच का मागवतात, हे मला कळत नाही. तुझ्या वयाचा असताना मी रात्रपाळी करून सायकलवर घरी यायचो आणि तुझी आजी दारात उभी असायची. तेव्हा तिचा राग यायचा. असो. रागावू नकोस. हे व्याख्यान झालं, मान्य आहे. तू तुझ्या पैशांनी ओव्हन घेतलास, भाडं भरतेस, कुणाकडे हात पसरला नाहीस. दादाला हे जमलं नव्हतं, त्याच्यासमोर म्हणू नकोस.

मुठीत गोळा होणारी साखर दुकानात मिळालीच नाही, तर काकवी आहेच. 200 ग्रॅम पांढऱ्या साखरेत एक मोठा चमचा गडद काकवी घालायची आणि बोटांनी चोळायची. सगळीकडे सारखा रंग आला की झाली मऊ साखर. मळीइतका कडवट वास येत नाही, पण चिवटपणा येतो, मी करून पाहिलंय. चोळल्यावर लगेच डब्यात बंद कर, उघडी राहिली की कोरडी पडते. नाना गुऱ्हाळावरून काकवीची बरणी आणणार आहेत. रविवारी गाडीवाल्याबरोबर पाठवतो, स्वारगेटला उतरवून घे. गाडी संध्याकाळी सहाला पोचते, अंधाराच्या आत.

आणि ती नवी साखर फेकू नकोस. मूठभर पुडीत बांधून त्याच गाडीवाल्याकडे परत दे, पुडीवर साखरेचं नाव लिही. माझं जुनं ब्युरेट माळ्यावर आहे, फेलिंगचं द्रावण कॉलेजातल्या मास्तरांकडून आणतो. तिच्यात फुटलेली साखर किती आहे ते मला बघायचंच आहे.

तुझा,
बाबा

ता. क. हेल्मेटचा पट्टा तुटलाय असं आई म्हणाली. नवीन घे, पैसे मी देतो.