पाडव्याच्या ताटातलं कमळ

प्रिय वहिनी,

सा. न. पाडव्याच्या जेवणासाठी नॅपकिनची कमळं करायची म्हणालीस, म्हणून सविस्तर लिहिते.

लक्ष्मी रोडवर साधं सुती कापड घे, मिश्र धाग्याचं नको. त्याला घडी धरत नाही. आठ माणसांसाठी 112 सेंमी पन्ह्याचं सव्वादोन मीटर पुरतं. आधी धुऊन आटू दे, मग 52 सेंमीचे चौकोन काप आणि कडा दुहेरी दुमडून शिव, म्हणजे तयार रुमाल 50 चा होतो. कर्णावर दुमडून बघ. कडा जुळल्या नाहीत तर तो चौकोन नाही आणि पाकळ्या लहानमोठ्या येणार.

एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर शिजवून पातळ खळ कर. घट्ट झाली तर गडद रंगावर पांढरे डाग पडतात. रुमाल किंचित ओला असतानाच इस्त्री फिरव, पण धाग्याच्या दिशेनं. तिरकी ओढलीस तर कापड ताणून कोपरे वाकडे होतात.

आता घडी. चारही कोपरे मध्यावर आण, मग नवे चार कोपरे परत मध्यावर. अलगद उलटा कर आणि तिसऱ्यांदा कोपरे मध्यावर घे. साधारण 18 सेंमीचा चौकोन उरतो. मध्यावर कोपरे अगदी चिकटवू नकोस, दोनेक मिलिमीटर फट ठेव. थर वाढतात तशी जाडी वाढते आणि फट नसेल तर मधला भाग फुगतो.

मध्यावर पेला उपडा ठेवून घट्ट दाब. एकेका टोकाखाली हात घालून तिथली सुटी घडी बाहेरून वर ओढ, की चार पाकळ्या उभ्या राहतात. त्यांच्या मधल्या जागी, कडांच्या खाली, आणखी चार मोकळ्या घड्या सापडतील, त्याही थोड्या ओढ. एकदम जोर लावलास तर मधली घडीच उसवते. मग सरळ पहिल्यापासून करावं लागतं, डागडुजी जमत नाही. आदल्या रात्री करून ठेवायला हरकत नाही, पण एकावर एक रचू नकोस.

कमळात लाडू ठेवायचा मोह होईल, तर छोट्या वाटीत ठेव. तुपाचा डाग सहज निघत नाही.

माणशी 60 सेंमी जागा धर. तुमच्या 180 × 90 च्या टेबलावर लांब बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एकेक असे आठ बसतात. 30 सेंमीचं ताट ठेवल्यावर पाणी आणि वाट्यांसाठी बरीच जागा उरते. पातेली मात्र टेबलावर नकोत, ती बाजूच्या स्टुलावर. दादाला वाढायला उभं कर! कमळ ताटात मधोमध ठेव, पण मीठ-लिंबू वाढायच्या आधी सगळ्यांनी ते उचलून, उघडून मांडीवर घ्यायला सांग, नाहीतर चटणी-कोशिंबीर वाढायला जागाच सापडणार नाही.

आईंना नमस्कार, पिल्लाला गोड पापा.

तुझी,
ताई
मेलबर्न