गेटाजवळच्या सात पिल्लांच्या शी-तपासणीसाठी आणि औषधांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सी बिल्डिंगच्या जिन्याखाली जन्मलेल्या काळूच्या चार पिल्लांची पातळ शी अखेर थांबली. पाच आठवडे लागले, आणि त्यातले पहिले तीन आपल्याच चुकीने गेले. आता तेच दुखणं गेटाजवळच्या सात पिल्लांमध्ये दिसतंय. त्यांचे तीन आठवडे तसेच वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

वसाहतीतल्या कुत्र्यांची काळजी घेणारं आपलं मंडळ आजवर माणसांच्या जिवावर चाललं. २०२० च्या टाळेबंदीत वसाहतीतलं एकही कुत्रं उपाशी राहिलं नाही, कारण ए बिल्डिंगच्या वहिनींनी रोज दोन किलो तांदूळ शिजवला आणि बेस्टमधून निवृत्त झालेले आपले काका पहाटे पातेलं घेऊन फिरले. नसबंदीची गाडी आली तेव्हा पोरांनी रात्र जागवून सतरा कुत्री पकडून दिली. गणेशोत्सव मंडळाने दोन वर्षं शिल्लक रकमेतून रेबीजच्या लशी दिल्या. आणि तळमजल्यावरच्या आजी! नातवाने दिवाळीला साडीसाठी दिलेले पैसे त्यांनी पाकिटासकट माझ्या हातात ठेवले. म्हणाल्या, "साड्या पुष्कळ आहेत मला. पिल्लांसाठी काटा घे." आजी आता नाहीत. त्यांचा तो वजनकाटा मंडळाच्या खोलीत आहे, आणि यंदाचा प्रत्येक डोस त्याच काट्यावर ठरला.

झालं असं. जुलैच्या सुरुवातीला चौघांना पातळ शी लागली. पिल्लं सहा आठवड्यांची होती. खेळत होती, खात होती, उलटी नव्हती. डॉक्टरांनी पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य जुलाबाची किट लावली, ती निगेटिव्ह आली. शी मात्र पसरट, वर शेंबडासारखा चकचकीत थर, आणि वास जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत. आपण जंताची गोळी दिली, पंधरा दिवसांनी पुन्हा दिली, मध्ये दहीभात चालूच. दोन-तीन दिवस शी घट्ट व्हायची, पुन्हा पातळ. सगळ्यात धाकटी चिंगी काट्यावर १,४०० ग्रॅम होती, दहा दिवसांनी १,३८० भरली. त्याच दहा दिवसांत तिचा भाऊ ढोल्या सहाशे ग्रॅमनी वाढला होता. या वयाचं पिल्लू दहा दिवसांत वाढलंच पाहिजे. शीपेक्षा त्या काट्याने आपल्याला आधी सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही.

जंताच्या गोळीने ही शी थांबत नाही, कारण ती ज्यांच्यामुळे लागली ते जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे जंत नव्हेतच. ते डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव आहेत. गोळीच्या एका डोसाने जिआर्डिया दबल्यासारखा वाटतो, संपत नाही. कॉक्सिडियाला तर तिचा काहीच उपयोग नाही.

तपासणी आपणही केली होती, एकदा. रात्रीची शी पिशवीत बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबला दिली. रिपोर्टात "काही आढळले नाही" असं आलं, आणि आपण निर्धास्त झालो. नंतर डॉक्टरांनी समजावलं, की जिआर्डियाच्या सिस्ट, म्हणजे कवचात बंद असलेले जिआर्डिया, रोजच्या शीत पडत नाहीत. आज भरपूर, उद्या एकही नाही. कॉक्सिडियाची तर शी आधी लागते, आणि त्याची अंडी शीत दिसायला काही दिवस जावे लागतात. त्यामुळे एका निगेटिव्ह रिपोर्टावर विसंबता येत नाही. मग एक दिवसाआड तीन नमुने दिले. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात जिआर्डिया, तिसऱ्यात जिआर्डिया आणि कॉक्सिडिया दोन्ही. लॅबला झिंक सल्फेटच्या द्रावणात शी तरंगवून तपासायला आवर्जून सांगावं लागतं. साखरेच्या दाट पाकात जिआर्डियाच्या सिस्ट आक्रसतात आणि ओळखू येत नाहीत.

गेटाजवळच्या पिल्लांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. ती चिकनच्या दुकानाची घाण चिवडतात. कोंबडीच्या कॉक्सिडियाची अंडी पिल्लाच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर दिसतात, पण पिल्लाला त्यांचा आजार नसतो. म्हणून नमुना देताना लॅबला हे सांगायचं, नाहीतर भलत्याच गोष्टीवर औषध होईल.

चिंगीला जिआर्डियासाठी फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ७० मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग पाच दिवस दिलं. कॉक्सिडियासाठी डॉक्टरांनी टोल्ट्राझुरिल दिलं. ते जनावरांच्या औषधांत अडीच टक्के आणि पाच टक्के अशा दोन्ही तीव्रतेत मिळतं. बाटली बदलली की तेवढ्याच थेंबांत औषध दुप्पट जातं, म्हणून ते डॉक्टरांनी सिरिंजमध्ये भरून दिल्याशिवाय कुणीही देऊ नये. घरातलं माणसांचं मेट्रोनिडाझोलही नको. जास्त झालं तर पिल्लू लडखडायला लागतं.

आणि खरी लढाई जागेशी आहे. जिआर्डियाची सिस्ट शीतून पडल्या क्षणापासून दुसऱ्याला लागू शकते, आणि पावसाळ्यातली ओल तिला मानवते. कॉक्सिडियाच्या अंड्याला पिकायला साधारण दिवस लागतो, उकाड्यात त्याहूनही कमी. म्हणून शी सकाळ-संध्याकाळ उचलली तर ते पिकण्याआधीच जातं. फिनेलने कॉक्सिडिया मरत नाही. आपण उकळतं पाणी ओतलं, फरशी पुसून पंखा लावून कोरडी केली. औषधाच्या पाचव्या दिवशी चौघांना शाम्पूने अंघोळ घातली, शेपटीखाली नीट चोळून, कारण केसांना चिकटलेल्या सिस्ट चाटून पिल्लू पुन्हा आजारी पडतं. त्यानंतर कुणीतरी परस्पर जिआर्डियाची किट लावली, ती पॉझिटिव्ह आली आणि पुन्हा औषध सुरू होता होता राहिलं. किट बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. सूक्ष्मदर्शकाखाली शी स्वच्छ होती, बांधीव होती, आणि चिंगी आज २,१५० ग्रॅम आहे.

आता एक बोलतो, राग मानू नका. गेल्या पावसाळ्यात याच फळ्यावर मदत मागितली होती. चारजण आले. दोन पिल्लं गेली. त्याच आठवड्यात "ही घाण हलवा" असा अकरा सह्यांचा अर्ज मात्र कमिटीकडे पोचला. सह्या करणाऱ्यांना मुलांची काळजी वाटत होती, ते समजतो. कुत्र्यांचा हा कॉक्सिडिया माणसाला होत नाही, आणि कुत्र्यांतला जिआर्डिया बहुतेक वेळा माणसाला होणाऱ्या जातीचा नसतो. तरी पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढं पुरे. आणि घाण हलवायला तर आम्हाला तुमचीच माणसं हवी आहेत.

सात पिल्लांचे तीन-तीन नमुने, औषध, फेरतपासणी धरून ९,५०० रुपये लागतील, ३,२०० जमलेत. रक्कम खजिनदारांकडे, पावती घ्यावी. रद्दी, झाकणाच्या स्वच्छ रिकाम्या डब्या, मोठी किटली, जुना टेबलफॅन चालेल. शी उचलायला सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ अशा पाळ्या, प्रत्येकी दोन माणसं, दहा दिवस. नमुना ताज्या शीचा, मातीला न लागलेला, सुपारीएवढा, डबीवर पिल्लाचं नाव आणि वेळ. लगेच नेता आला नाही तर बर्फाच्या डब्यात, फ्रीझरमध्ये नको. कोरडी गॅलरी असलेलं एक घर पाच दिवसांसाठी हवंय, त्यासाठी मला थेट भेटा. पहिला नमुना सोमवारी जाणार, म्हणून नावं रविवारी रात्री ८ ते ९ मंडळाच्या खोलीत द्यावीत.

आपला,
चिटणीस