तक्रार: सेवा केंद्रात गर्दीच्या वेळी तीनच काउंटर, ग्राहकांचा तास-तास वाया

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मागच्या महिन्यात एका सोमवारी आईच्या नावावरचं सिम माझ्या नावावर करायला तुमच्या सेवा केंद्रात गेलो होतो. टोकन मिळालं 102 नंबरचं, वेळ 12:54, आणि समोर बोर्डवर 83 चालू होता. म्हणजे माझ्यापुढे 18 जण, माझा नंबर आला दोनला पाच मिनिटं कमी असताना, तोवर एक आजोबा खुर्ची नाही म्हणून भिंतीला टेकून उभे होते. मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, "साहेब आम्ही दिवसाच्या फुटफॉलवरून काउंटर ठरवतो, तीन पुरेसे आहेत." हे उत्तर मला पटलं नाही, कारण मी अनेक वर्षं हॉस्पिटलच्या केसपेपर खिडक्यांचं नियोजन बघितलंय आणि दिवसभरात येणाऱ्या माणसांच्या सरासरीवरून खिडक्या ठरवायची ही चूक आम्हीही केली होती.

म्हणून पुढच्या सोमवारी सुट्टी टाकून दहा ते पाच तुमच्याकडे बसलो. दर तासाला नुकत्याच आलेल्या माणसाची चिठ्ठी बघायला मागितली आणि नंबर लिहून घेतला. अकराला 24, बाराला 64, एकला 104, दोनला 124, तीनला 140, चारला 156 आणि पाचला 168 (एखाददुसरा आकडा गोल केलाय). काउंटर 2 वर एका टोकनच्या बेलपासून पुढच्या टोकनच्या बेलपर्यंत वेळ धरला, 30 टोकनना तीन तास लागले, म्हणजे माणशी सरासरी 6 मिनिटं. तुमच्या सिस्टीममध्ये ही वेळ कमी दिसत असेल, कारण तिथे एंट्री सेव्ह झाली की घड्याळ थांबतं, पण त्यानंतर ताई उठून झेरॉक्स काढतात, फॉर्म पिनअप करतात, तेवढा वेळ पुढचा माणूस थांबूनच असतो, तो धरायलाच हवा.

आता तुमचा हिशोब बघा. 168 भागिले 7 तास, तासाला 24 माणसं, गुणिले 6 मिनिटं म्हणजे 144 मिनिटांचं काम, भागिले 60 केलं की 2.4 काउंटर, म्हणून तीन. पण अकरा ते एक तासाला 40 माणसं येतात! 40 गुणिले 6 म्हणजे 240 मिनिटं, बरोब्बर 4 काउंटरचं काम. तीन काउंटर तासाला 30 जणांना सोडवतात, त्यामुळे दर तासाला 10 जण साचतात आणि एकपर्यंत 20 होतात. त्यात एक वाजता एक काउंटर जेवायला बंद, उरलेले दोन तासाला 20 सोडवतात आणि येतातही 20च, मग रांग दोनपर्यंत हलतच नाही. माझा तास तिथेच गेला.

आणि कृपा करून "12 ते 1 मध्ये 30 जणांची कामं झाली, म्हणजे मागणी 30" असं धरू नका. तीन काउंटर असतील तर झालेली कामं कायम 30च्या आसपासच दिसणार, मग बाहेर कितीही लोक थांबलेले असोत. टोकन घेतल्याची वेळ मोजा, बोलावल्याची नाही.

चार काउंटर उघडले तरी भागणार नाही, कारण माणसं दर दीड मिनिटाला एक अशी शिस्तीत येत नाहीत, कधी एकदम पाच येतात, कुणाचं काम 2 मिनिटांत होतं तर नाव ट्रान्सफरला 12 लागतात, आणि चारही काउंटर पूर्ण भरलेले असले की एकदा साचलेली रांग उतरतच नाही. अशा रांगेत सरासरी किती थांबावं लागेल याचं सूत्र तुमच्याच टेलिफोनच्या क्षेत्रातलं आहे, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने ते 1917 साली दिलं. त्यात हे आकडे घातले की पाच काउंटरला सरासरी थांबणं साधारण सव्वातीन मिनिटं येतं. सहावा लावला तर एका मिनिटाच्या आत, पण तेवढी आमची मागणी नाही.

जादा माणसंही लागणार नाहीत. आत्ता जेवणाची सुट्टी वजा न करता तीन काउंटर सात तास म्हणजे 21 काउंटर-तास होतात. त्याऐवजी दहाला 3, अकरा ते एक 5, एक ते दोन 3, आणि दोननंतर 2 ठेवा, बेरीज 22 होते. दुपारी दोन काउंटरवर सरासरी दहा-अकरा मिनिटं थांबावं लागेल, काउंटरमागे गर्दी तेवढीच असली तरी काउंटर कमी असले की जास्त थांबावं लागतं, पण ते आम्हाला चालेल. तुमच्याकडे टेबलं पाच आहेतच, दोन बंद असतात आणि मागच्या खोलीत दोघं फॉर्म तपासत असतात, ते काम दोननंतर होऊ शकतं. जेवणाची सुट्टीही काउंटरवरच्यांना आलटून पालटून दोननंतर द्या.

हे आकडे एकाच सोमवारचे आहेत, म्हणून तुमच्या टोकन मशीनमधून चार आठवड्यांचे तासवार आकडे काढून हाच हिशोब परत करा आणि पंधरा दिवसांत मला लेखी कळवा की अकरा ते एक पाच काउंटर कधीपासून सुरू होणार. माझ्या टोकनची चिठ्ठी आणि त्या दिवशीच्या नोंदीचा फोटो सोबत जोडलाय.

आपला,
दहा वर्षांपासूनचा ग्राहक